अधिवास दाखला: १५ वर्षांचा हिशेब कागदावर जुळवा

प्रवेशासाठी अधिवास दाखला काढताना बहुतेकांचा अर्ज अडतो तो वर्षांच्या हिशेबात. महाराष्ट्रात १५ वर्षांचं सलग वास्तव्य दाखवायचं असतं. आधार कार्ड किंवा चालू महिन्याचं वीजबिल आजचा पत्ता सांगतं, मागची वर्षं नाही.

समजा, मुलीचा जन्म इंदूरचा. कुटुंब २०१० मध्ये नाशिकला आलं, पहिलीत प्रवेश जून २०१३ मध्ये, बारावी २०२५ मध्ये झाली. शाळा-कॉलेजची १२ वर्षं होतात, तीन कमी पडतात. ती आईवडिलांच्या कागदांवरून भरायची: २०१०, २०११, २०१२ या प्रत्येक वर्षाचं एकेक वीजबिल, घरपट्टीची पावती किंवा नोंदणीकृत भाडेकरार. बालवाडीचा बोनाफाईडही जोडा.

शाळेच्या वर्षांसाठी नुसत्या शेवटच्या दाखल्यावर थांबू नका. मुलगी पाचवीत दुसऱ्या शाळेत गेली असेल, तर त्या दाखल्यावर प्रवेशाची तारीख पाचवीचीच दिसते आणि आधीची चार वर्षं गळतात. म्हणून प्रत्येक शाळेकडून ‘इयत्ता अमुक ते तमुक, जून २०१३ ते एप्रिल २०१७’ असा स्पष्ट मजकूर असलेला बोनाफाईड घ्या. शाळा बंद पडली असेल तर तिथल्या निकालपत्रकांच्या प्रती शोधून काढा.

अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात भरता येतो. अपलोड करण्याआधी कागदावर २०१० पासून एकेक वर्ष लिहा आणि समोर पुराव्याचं नाव टाका. जे वर्ष रिकामं राहील, तिथेच त्रुटी निघण्याची शक्यता सगळ्यात जास्त.