बिलाची तक्रार पुढे नेताना या चुका टाळा

समजा, एका ऑनलाइन विक्री साइटवरून ४,८६० रुपयांची ऑर्डर दिली. त्यातली १,७९० रुपयांची वस्तू ३ मार्चला रद्द केली, पण पैसे पूर्ण रकमेचे कापले गेले. कस्टमर केअर सांगतं, 'रिफंड ५ मार्चलाच केलाय, बँकेत विचारा.' बँक म्हणते, 'आमच्याकडे काहीच आलेलं नाही.' बहुतेक तक्रारी नेमक्या इथे अडकतात.

पहिली चूक म्हणजे रोज नवी तक्रार टाकणं. दर फोनला नवा तिकीट नंबर मिळतो, आधीचं तिकीट 'निराकरण झाले' म्हणून बंद होतं, आणि कंपनीच्या नोंदीत तुमची तक्रार कायम कालचीच दिसते. त्यामुळे पहिला नंबर धरून ठेवा. तो बंद केल्याचा मेल आला की त्याच मेलला उत्तर द्या: 'पैसे मिळालेले नाहीत, तक्रार बंद करू नये.' फोनवर बोलणं झालं तर तारीख, वेळ, समोरच्याने सांगितलेलं नाव आणि काय कबूल केलं हे लगेच मेल करून कळवा. तोंडी आश्वासन नंतर सिद्ध करता येत नाही. त्याच दिवशी पाठवलेला मेल मात्र दाखवता येतो.

'रिफंड केला' या उत्तरावर गप्प बसू नका. रिफंडचा संदर्भ क्रमांक मागा. कार्डने पैसे दिले असतील तर एआरएन, यूपीआयने दिले असतील तर यूटीआर. तो क्रमांक हाती असेल तर बँक पैसे कुठे आहेत ते शोधू शकते. कंपनी क्रमांक देतच नसेल, तर बहुधा रिफंड निघालेलाच नसतो. हे वाक्य तक्रारीत जसंच्या तसं लिहा: 'संदर्भ क्रमांक मागूनही दिलेला नाही.'

दुसरी मोठी चूक पत्त्याची. ई-कॉमर्ससाठी २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार कंपनीला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव, पद आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण तक्रार मिळाल्यापासून एक महिन्यात व्हायला हवं. बरेच जण तक्रारीचा मेल नेहमीच्या सपोर्टच्या पत्त्यावर पाठवतात आणि महिना मोजत बसतात. अधिकाऱ्याचा पत्ता साइटच्या अगदी तळाशी किंवा अटी-शर्तींच्या पानावर असतो. सर्च इंजिनवर सापडलेला 'कस्टमर केअर' नंबर मात्र लावू नका, तिथे ओटीपी मागणारे भामटे बसलेले असतात.

मेलमध्ये राग कमी आणि आकडे जास्त असावेत. विषयाच्या ओळीत ऑर्डर नंबर आणि जुना तिकीट नंबर. खाली चार वाक्यं पुरतात: 'ऑर्डर ४,८६० रुपयांची. ३ मार्चला १,७९० रुपयांची वस्तू रद्द केली, रद्द झाल्याचा मेल सोबत आहे. २० मार्चपर्यंतच्या बँक स्टेटमेंटमध्ये रिफंड नाही. १,७९० रुपये परत करावेत किंवा रिफंडचा संदर्भ क्रमांक द्यावा.' 'न्याय द्या' अशा मागणीवर कोणीही काही करू शकत नाही.

सोबत काय जोडायचं? बिल, रद्द केल्याचा मेल, आणि बँकेच्या एसएमएसऐवजी स्टेटमेंट. पैसे कापल्याचं एसएमएस दाखवतो. परत न आल्याचं फक्त स्टेटमेंट दाखवतं. बाकीचे व्यवहार आणि खाते क्रमांक झाकून टाका. चॅटचे स्क्रीनशॉट त्याच वेळी घ्या, कारण खिडकी बंद केल्यावर संवाद पुन्हा दिसेलच असं नाही. तारीख आणि ऑर्डर नंबर एकाच चित्रात आला तर उत्तम.

महिना उलटला किंवा उत्तर उडवाउडवीचं आलं, की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन: फोन १९१५, किंवा consumerhelpline.gov.in. कंपनीकडे न जाता थेट इथे येणं ही घाई ठरते. कंपनीला तुम्ही आधी कळवलं होतं, हीच तुमची खरी बाजू असते. पोर्टलवर लिहिणं मला फोनपेक्षा बरं वाटतं, कारण कागद जोडता येतात. इथला डॉकेट नंबर जपून ठेवा. कंपनीने 'रिफंड दिला' असं उत्तर टाकलं तर ते वाचून लगेच स्टेटमेंटशी ताडून पाहा.

हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे. ती तक्रार कंपनीपर्यंत पोचवते, पाठपुरावा करते, पण पैसे देण्याचा हुकूम काढू शकत नाही. शिवाय इथे तक्रार पडून आहे म्हणून ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत थांबेल असं धरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ती तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही, आणि तिथे हीच फाइल, याच क्रमाने, जोडायची असते.