घड्याळावर गाणी ऐकत धावायचंय? या चुका टाळा

आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये कुणी नवीन घड्याळ घेतलं की पंधरा दिवसांत तक्रार येतेच: "दादा, घरी मस्त वाजतं, रस्त्यावर आवाज तुटतो." आणि पहिला संशय इअरबडवर.

मीही तेच केलं होतं. मरीन ड्राइव्हवर फोन घरी ठेवून धावायला लागलो, तर नरिमन पॉइंट सोडल्यापासून गाणं अडखळत होतं. हात मागे गेला की आवाज गायब, पुढे आला की परत. नवे इअरबड घेतले, तेही तसेच. दोष दोन्ही जोड्यांचा नव्हता. घड्याळ डाव्या मनगटावर होतं आणि सिग्नल घेणारा इअरबड उजव्या कानात. ब्लूटूथच्या लहरी पाणी शोषून घेतं आणि आपलं शरीर बरंचसं पाणीच असतं, त्यामुळे मध्ये धड आडवं येतं. घरात लहरी भिंतींवर आपटून वळसा घालून पोचतात. समुद्राकडेला आपटायला भिंतच नाही. घड्याळ उजव्या हातात बांधलं आणि त्याच जुन्या इअरबडवर आवाज सलग आला. म्हणून पैसे खर्च करण्याआधी मनगट बदला आणि मोकळ्या मैदानात दोनशे मीटर धावून बघा.

दुसरी चूक घाईची. पहाटे पाचला बूट घालता घालता गाणी भरायची नसतात. माझं घड्याळ गार्मिनचं आहे. त्यावर स्पॉटिफायची गाणी उतरवायला प्रीमियम लागतं आणि ती वाय-फायवरून येतात. बहुतेक गार्मिन घड्याळांना 2.4 गिगाहर्ट्झचंच वाय-फाय दिसतं, त्यामुळे राउटर फक्त 5 वर असेल तर घड्याळाला नेटवर्क सापडतच नाही. मी आदल्या रात्री घड्याळ चार्जरला लावून राउटरच्या खोलीत ठेवतो. यादीत नाव दिसलं म्हणजे गाणी आली असं समजू नका, अर्धवट उतरलेली यादीही तशीच दिसू शकते. फोन बंद करून यादीतलं शेवटचं गाणं वाजवून बघायचं. पॉडकास्टचंही तेच: भाग मधूनच सुरू करून दहा सेकंद ऐका. आणि महिनाभर घड्याळ नेटवर आलं नाही, तर स्पॉटिफायची उतरवलेली गाणी वाजत नाहीत.

जोडणी करताना इअरबड डबीतून काढले की ते आधी फोनलाच चिकटतात आणि घड्याळाला दिसत नाहीत. फोनचं ब्लूटूथ बंद करा, इअरबड पेअरिंग मोडमध्ये टाका, मग घड्याळात Music, Headphones, Add New. डबीचं बटण नुसतं दाबून सोडू नका, दिवा लुकलुकेपर्यंत धरून ठेवा. मॉडेलनुसार हे थोडं वेगळं असतं, तेव्हा डबीसोबतचा कागद वाचा.

आणि विकत घेताना नाव नीट वाचा: फोररनर 255 वर गाणी भरता येत नाहीत, 255 म्युझिकवर येतात.