एच के के जे आर म्हणजे भारत

एम.ए.च्या पहिल्या सत्रात सरांनी राज्यशास्त्राच्या नोट्स व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या. चौसष्ट पानांची पीडीएफ होती. मी लॅपटॉपवर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं एनव्हीडीए सुरू केलं, हेडफोन लावला आणि ऐकू लागले, तर आतून एकच धून: ‘एच के के जे आर, एल ए एफ ओ’. शेजारी बसलेली मैत्रीण स्क्रीनकडे बघून म्हणाली, “अगं बाप्पा, इथं तर स्पष्ट भारत, संविधान लिहून आहे. तुझं मशीन काय वाचून राहिलं?”

मशीन बरोबर वाचत होतं. हे समजायला मला दोन महिने लागले. नागपुरात शिकायला येणाऱ्या, दृष्टी कमी असलेल्या मुलामुलींचे ते दोन महिने वाचावेत म्हणून हे लिहितेय. मी उमरेडची. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत भिंग लावून छापील पुस्तक वाचायचे, नंतर तेही जमेना. माझ्या डोळ्यांचा आजार हळूहळू नजर खाणारा आहे, त्यामुळे ब्रेल लहानपणी शिकले नव्हते आणि सगळा भार कानांवर आला.

एनव्हीडीए हा विंडोजवर चालणारा मोफत स्क्रीन रीडर आहे. त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक या आवाजात मराठीही आहे. आवाज पत्र्यासारखा वाटतो, पण आठवडाभरात सवय होते आणि वेग वाढवला तरी शब्द कळतात. अडचण आवाजाची नव्हतीच, फाईलची होती. स्क्रीन रीडर पानाचं चित्र बघत नाही, फाईलमध्ये साठवलेली अक्षरं वाचतो. मराठी पीडीएफमध्ये ती अक्षरं खरोखर मराठी असतीलच असं नाही.

म्हणून कोणतीही फाईल हाती आली की आधी तिची जात ओळखायची. पीडीएफ उघडा, `Ctrl+A` आणि `Ctrl+C` करा, कोऱ्या नोटपॅडमध्ये चिकटवा आणि बाणाच्या कीने ऐका. काहीच चिकटलं नाही तर ती फाईल म्हणजे स्कॅन केलेल्या पानांचे फोटो आहेत. `Hkkjr` किंवा `lafo/kku` असं काही ऐकू आलं तर मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला आहे. मराठी शब्द आले, पण वेलांट्या भलतीकडे गेल्या आणि शब्द मधेच तुटले, तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या मराठी अक्षरांत साठवलेला असूनही, पीडीएफ बनवताना बिघडला आहे. स्वच्छ मराठी ऐकू आली तर नशीब, तडक वाचायला घ्या.

सरांची फाईल दुसऱ्या जातीची निघाली. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी हे फॉन्ट युनिकोड रुळण्याच्या आधीचे. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असतात. `Hkkjr` ही पाच इंग्रजी अक्षरं कृतिदेवमध्ये दाखवली की डोळ्यांना ‘भारत’ दिसतं, पण साठवलेलं असतं `Hkkjr` च. एनव्हीडीएला फॉन्टचा आकार दिसत नाही, म्हणून ते जे साठवलंय तेच बोलतं. महाल, सीताबर्डीच्या डीटीपीवाल्यांकडे आजही असं टायपिंग चालतं, त्यांची बोटंच त्या कीबोर्डवर बसली आहेत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. छापील पान तर सुंदरच येतं.

अशा फाईलला युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मोफत मिळतात, पण कोणता कन्व्हर्टर हे फॉन्टवर ठरतं. अ‍ॅडोबी रीडरमध्ये `Ctrl+D` दाबून फॉन्टच्या टॅबवर गेलं की `Kruti Dev 010` असं काहीसं नाव ऐकू येतं. श्रीलिपीचा मजकूर कृतिदेवच्या कन्व्हर्टरमध्ये टाकला तर देवनागरी अक्षरांतलाच कचरा हाती येतो, आणि तो इंग्रजी कचऱ्यापेक्षा वाईट, कारण पहिली दोन वाक्यं आपल्याला वाटतं की आपलंच ऐकण्यात चुकतंय. दुसरी खोच अशी की कृतिदेवमध्ये ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते आणि रफार नंतर. कन्व्हर्टरला त्यांच्या जागा बदलाव्या लागतात आणि जोडाक्षराजवळ तो हमखास गडबडतो. तिसरी गोष्ट मी ठेच खाऊन शिकले. मजकुरात मधे खरे इंग्रजी शब्द असतील, तर नोटपॅडमध्ये आल्यावर फॉन्टची माहिती गळून जाते आणि कन्व्हर्टर त्या इंग्रजीचंही ‘मराठी’ करून टाकतो. माझ्या नोट्समधल्या सगळ्या इंग्रजी संज्ञा अशाच गेल्या.

शेवटी मी सरांना विचारलं, “सर, हे टाईप कोणी केलं?” त्यांनी दुकान सांगितलं. तिथल्या दादांकडे मूळ ओपन फाईल होती, त्यांनी ती पेन ड्राईव्हवर दिली. पीडीएफपेक्षा मूळ फाईल बदलणं कितीतरी सोपं, कारण तिच्यात मराठी आणि इंग्रजीचे फॉन्ट वेगळे राहतात. त्यामुळे आता मी पहिल्याच दिवशी प्राध्यापकांना सांगते की पीडीएफ नको, ज्या फाईलमधून ती काढली तीच द्या. आधी अर्ज, मग विनंती, मग आठवण, असं करत बसले असते तर सत्र संपलं असतं. कॉलेजच्या बाहेरच्या दुकानात पाच मिनिटांत काम झालं.

खरी कसोटी स्कॅनची. जुन्या संदर्भग्रंथाचं एक प्रकरण मला ग्रंथालयातून हवं होतं, विदर्भाच्या अनुशेषावरचं. त्याची पीडीएफ कुठेच नव्हती. (आधी सुगम्य पुस्तकालयात शोधायचं, हे वेगळं सांगायला नको. दृष्टिबाधितांसाठीचं हे ऑनलाईन ग्रंथालय २०१६ पासून आहे, सदस्यत्वासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. मराठी शैक्षणिक पुस्तकं मात्र तिथे मला फार सापडली नाहीत.) मग मैत्रिणीने फोनने फोटो काढले आणि त्यांची पीडीएफ केली. पहिला प्रयत्न वाया गेला, कारण पुस्तकाच्या शिवणीजवळ ओळी वाकल्या होत्या आणि तिची स्वतःचीच सावली पानावर पडली होती. दुसऱ्या वेळी पुस्तक झेरॉक्सवाल्याकडे नेलं आणि काचेवर दाबून ३०० डीपीआयवर स्कॅन करायला सांगितलं. हा आकडा महत्त्वाचा आहे. मराठीत अनुस्वार, रफार, उकार हे इवलेसे तुकडे असतात. १५० वर स्कॅन केलं की इंग्रजी निभावून जातं, पण आपल्याकडे ‘अंश’चा ‘अश’ होतो.

चित्रातून अक्षरं काढायला मी टेसरॅक्ट वापरते, तेही मोफत आहे आणि इंटरनेट लागत नाही. त्याच्यात मराठीचा भाषासंच घालावा लागतो. आधी पॉपलर या संचातल्या आज्ञेने पीडीएफची पानं चित्रांत काढायची, मग ती टेसरॅक्टला द्यायची. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर एवढंच:

```
pdftoppm -r 300 -png prakaran.pdf page
for %f in (page-*.png) do tesseract %f %~nf -l mar+eng
```

शेवटचं `mar+eng` विसरू नका. नुसतं `mar` दिलं तर पानातले इंग्रजी शब्द तो देवनागरीत ओढून बसवतो. काळा पडदा पाहून घाबरणाऱ्यांसाठी सांगते, आपल्याला पडदा दिसतच नाही. टाईप करायचं आणि ऐकायचं, माऊसपेक्षा हे आपल्याला सोयीचं. तरीही नको असेल तर गुगल ड्राईव्हवर पीडीएफ टाकून ती गुगल डॉक्समध्ये उघडली की मजकूर मिळतो. फाईल मात्र २ एमबीच्या आत ठेवा.

सव्वीस पानं माझ्या जुन्या लॅपटॉपवर पंधरा-वीस मिनिटांत झाली. ऐकलं, छान वाटलं. ‘शिक्षण’चं ‘शिक्षन’ झालं तरी कान सुधारून घेतो. त्यावरून उत्तरं लिहून काढली आणि सरांना दाखवली. सरांनी एका ओळीवर बोट ठेवलं: मी लिहिलं होतं, नागपूर करार १९५६ साली झाला.

करार १९५३ चा. पुस्तकातही १९५३ च होता. पण झेरॉक्सवर झेरॉक्स झालेल्या फिकट पानात ३ आणि ६ हे आकडे आरशातल्यासारखे, टेसरॅक्टने एकाचा दुसरा केला. पुढच्याच परिच्छेदात राज्य पुनर्रचना आणि द्विभाषिक मुंबई राज्य होतं, तेव्हाचं साल खरोखर १९५६. त्यामुळे माझ्या कानाला काहीच खटकलं नाही. शब्द चुकला तर वाक्य अडखळतं, पण आकडा चुकला तर वाक्य तसंच गुळगुळीत पुढे जातं. ऐकणाऱ्याच्या बाबतीत हा धोका फार मोठा आहे आणि तो कोणी आधी सांगत नाही.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे. मजकूर वर्डमध्ये घेते, एकामागून एक आकडा शोधते आणि प्रत्येक आकडा मूळ पानाशी डोळस माणसाकडून ताडून घेते. अख्खं प्रकरण तपासायला कोणालाच वेळ नसतो, आकडे आणि विशेषनामं तपासायला अर्धा तास पुरतो. आमच्या वर्गात ऐकू न येणारी एक मुलगी होती, तिच्याशी माझी जोडी जमली. ती पान बघायची, मी स्क्रीनवरचा मजकूर तिच्याकडे सरकवायचे, चूक सापडली की ती माझ्या मनगटावर टिचकी मारायची. बदल्यात व्याख्यानात मी तिच्यासाठी एक काम करायचे. तिच्या फोनवर लाईव्ह ट्रान्सक्राइब चालू असायचं, ते मराठी बोलणं लिहून दाखवतं. पण उन्हाळ्यात वर्गातले पंखे आणि कूलर सुरू झाले की अर्धी वाक्यं गळायची. तिचा फोन सरांच्या टेबलावर नेऊन ठेवायचा आणि तास संपल्यावर आणायचा, एवढंच माझं काम. शिवाय तिला मिळालेला लिखित मजकूर मला नोट्स म्हणून मिळायचा, तो तर युनिकोडच.

तपासणी झाली की मथळ्यांना `Ctrl+Alt+1` देऊन खरे मथळे करायचे, नुसतं ठळक करून भागत नाही. मग `Insert+Space` ने ब्राउझ मोडमध्ये जायचं आणि `H` दाबत थेट हव्या त्या विभागावर उडी मारायची. परीक्षेच्या आदल्या रात्री सव्वीस पानं पहिल्यापासून ऐकण्यात आणि ‘दांडेकर समिती’वर सरळ पोचण्यात काय फरक आहे, तो एकदा अनुभवलात की हे काम कंटाळवाणं वाटणार नाही.

“पुस्तकाचं असं रूपांतर करणं बेकायदेशीर नाही ना?” असं ग्रंथपालांनी विचारलं होतं. नाही. कॉपीराईट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, दिव्यांग व्यक्तीला वाचता यावं म्हणून पुस्तकाची सुलभ प्रत तयार करता येते आणि दुसऱ्या दिव्यांग विद्यार्थ्याला अभ्यासासाठी देताही येते. विकता मात्र येत नाही. हे कलम मी छापून ग्रंथपालांना दिलं, त्यांनी ते काउंटरच्या काचेखाली ठेवलं आणि पुढच्या वेळी मोठा स्कॅनर स्वतःच सुरू करून दिला.

अनुशेषाचं ते प्रकरण आता माझ्याकडे दुरुस्त होऊन पडलंय. फाईलच्या नावातच ‘आकडे तपासले’ असं लिहिलंय. तपासले नसतील त्या फाईलीच्या नावात तेही लिहिते, कारण माझ्या पहिल्या मसुद्यावरून एका ज्युनिअर मुलानेही करार १९५६ चाच लिहिला होता.