रशियनमध्ये परीक्षा 'देत' नाहीत

मराठीतून रशियनमध्ये अनुवाद करायला लागलात की व्याकरण बरोबर असूनही वाक्य परकं वाटतं, ही अडचण लवकरच समोर येते. मला ती एका कथेच्या अनुवादात आली. वाक्य साधं होतं: 'त्याने परीक्षा दिली, पण पास झाला नाही.' 'देणे'ला रशियनमध्ये 'दात' म्हणतात, म्हणून 'दात एक्झामेन' लिहिण्याची चूक मी केली नाही. घरातल्या जुन्या रशियन-इंग्रजी कोशात 'देर्झात एक्झामेन' सापडलं, शब्दशः 'परीक्षा धरणे'. तेच लिहिलं. मजकूर तपासणाऱ्या रशियन बाईंनी त्याखाली रेघ मारली आणि म्हणाल्या, "चूक नाही, पण तुमचा हा मुलगा माझ्या आजीच्या वेळचा वाटतो." कथा तर आजच्या काळातली होती.

द्विभाषी कोशात शब्द सापडतो, पण आज तो कोण, कुठे वापरतं हे बहुधा कळत नाही. म्हणून मी आता आधी रशियन-रशियन कोश उघडते. हाताशी ओझेगोव यांचा कोश असतो, आणि gramota.ru वर कुझ्नेत्सोव यांच्या संपादनाखालचा मोठा कोश बघता येतो. व्याख्येपेक्षा तिरप्या अक्षरातली छोटी खूण आणि उदाहरणं आधी वाचा. 'उस्तार.' म्हणजे जुनं झालेलं, 'राझ्ग.' म्हणजे रोजच्या बोलण्यातलं, 'क्निझ्न.' म्हणजे ग्रांथिक. उदाहरणांतून विभक्तीही कळते. आपण 'गणिताची परीक्षा' म्हणतो, म्हणून रशियनमध्येही षष्ठी लावायचा मोह होतो. तिथे मात्र 'एक्झामेन पो मातेमातिके' असतं, 'पो' हे अव्यय लावून.

परीक्षेसाठी आजचं क्रियापद 'स्दात'. त्याच्या नोंदीत परीक्षेच्या संदर्भात 'यशस्वीपणे पार पाडणे' असा अर्थ मिळतो. 'स्दावात' हे त्याचं अपूर्ण रूप, म्हणजे क्रिया पुरी झाली की नाही हे न सांगणारं, पण त्याच्या नोंदीत बहुतेक वेळा 'स्दात पाहा' एवढंच असतं. इथे कोश थांबतो. आपल्या वाक्यात दोन्ही अर्थ हवेत: परीक्षेला बसला, पण पास झाला नाही. ते एकाच वाक्यात कसं येतं, हे वापर पाहिल्याशिवाय समजत नाही.

त्यासाठी रशियन भाषेचा राष्ट्रीय कॉर्पस आहे, म्हणजे खऱ्या मजकुरांचा शोध घेता येईल असा संग्रह. तो 2004 पासून इंटरनेटवर मोफत खुला आहे. नवशिके त्यात थेट वाक्यखंड टाकतात आणि फसतात, कारण अचूक शोधात फक्त टाइप केलेलंच रूप मिळतं. रशियनमध्ये क्रियापद आणि नाम दोन्ही रूपं बदलतात, शब्दक्रमही मोकळा असतो. म्हणून शब्द-व्याकरण शोधात दोन्ही शब्दांची मूळ रूपं द्या आणि त्यांच्यातलं अंतर दोन्ही बाजूंना तीन शब्दांपर्यंत ठेवा:

```
ruscorpora.ru
держать   расстояние: от -3 до 3   экзамен
```

निकाल आले की आकडा बघून थांबू नका. प्रत्येक उताऱ्याखाली लेखक आणि वर्ष असतं. 'देर्झात एक्झामेन'ची उदाहरणं भरपूर दिसली, पण गर्दी एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला होती. पुढे ती विरळ होत जातात. मग उपकॉर्पस निवडून फक्त गेल्या पन्नासेक वर्षांचे मजकूर ठेवले आणि 'स्दावात'साठी तोच शोध केला. उतारे वाचता वाचता फरक स्पष्ट झाला: 'स्दावाल' म्हणजे परीक्षेला बसला, निकाल काहीही असो, 'स्दाल' म्हणजे पास झाला. वाक्य जुळलं: 'ओन स्दावाल एक्झामेन, नो ने स्दाल.' एकाच क्रियापदाच्या दोन रूपांत आख्खी गोष्ट बसली. बाईंनी त्यावर रेघ मारली नाही.

दोन ठिकाणी जपा. मूळ आणि अनुवाद शेजारी दाखवणाऱ्या समांतर कॉर्पसात रशियन वाक्य बऱ्याचदा स्वतःच अनुवाद असतं, त्यामुळे 'स्वाभाविक वाटतं का' याचा पुरावा तिथून घेऊ नका, मुख्य कॉर्पसातून घ्या. आणि एखादा दुर्मिळ वाक्यखंड सापडला नाही म्हणून तो चूक ठरत नाही. अशा वेळी मी नाम कायम ठेवते आणि त्याच्या आसपास कोणती क्रियापदं येतात ते पाहते. तीनचार वेगवेगळ्या लेखकांकडे तेच क्रियापद दिसलं की ते वापरते. एकाच लेखकाकडे दिसलं, तर ती त्याची लकब असू शकते, म्हणून सोडून देते.

'देर्झात एक्झामेन' मी पुढे एकदा मुद्दाम वापरलं. दुसऱ्या कथेत आजोबांचं 1908 सालचं पत्र होतं, मुंबईला मॅट्रिकच्या परीक्षेला बसल्याचं. कॉर्पसात 1917 पर्यंतचेच मजकूर निवडून पाहिलं, तर पत्रांत आणि आठवणींत तोच प्रयोग सहज भेटत होता. पत्रात तो ठेवला, आणि नातवाच्या तोंडी 'स्दावात'.