ॲप बसवलं, पण एसएमएसचं दार उघडंच राहिलं

पासवर्डनंतर लागणारा कोड फोनमध्येच तयार करणारं ऑथेंटिकेटर ॲप बसवलं म्हणजे खातं सुरक्षित झालं, असं समजून बरेच जण तिथेच थांबतात. खरी चूक तिथेच होते.

आधी एसएमएसचा ओटीपी आणि ॲपचा कोड यांतला फरक पाहू. एसएमएसचा ओटीपी कंपनीच्या सर्व्हरवरून मोबाइल कंपनीमार्गे तुमच्या नंबरवर येतो, हँडसेटवर नव्हे. कुणी खोटी कागदपत्रं दाखवून तुमच्या नंबरचं डुप्लिकेट सिम काढलं, तर ओटीपी त्याच्याकडे जाणार. अशा वेळी तुमच्या फोनची रेंज अचानक जाते आणि रीस्टार्ट करूनही येत नाही. मग लगेच दुसऱ्या फोनवरून मोबाइल कंपनीला आणि बँकेला कळवा.

ॲपमध्ये कोड कुठून येतच नाही. क्यूआर कोड स्कॅन करताना एक गुप्त किल्ली फोनमध्ये साठते. ती किल्ली आणि घड्याळातली वेळ यांच्या गणितातून, बहुतेक ठिकाणी दर 30 सेकंदांनी, नवा सहा अंकी कोड तयार होतो. फोन एअरप्लेन मोडवर टाकून बघा, कोड बदलत राहतो. सिम चोरून काही उपयोग नाही.

2018च्या जूनमध्ये रेडिट कंपनीत चोर शिरले, ते काही कर्मचाऱ्यांच्या खात्यांमधून. पासवर्डनंतरची दुसरी पायरी होती, पण एसएमएसची, आणि ते एसएमएसच मध्ये अडवले गेले, असं कंपनीने नंतर जाहीर केलं.

आता मूळ चूक. ॲप जोडल्यावरही जुना नंबर पर्याय म्हणून तसाच राहतो. लॉगिन करताना "Try another way" दाबलं की एसएमएस मागवता येतो, आणि चोरालाही ते बटण दिसतं. गूगल खात्यात "2-Step Verification" उघडा. तिथे ॲप आधी जोडा, बॅकअप कोड कागदावर उतरवा (एका वेळी दहा मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो), एकदा बाहेर पडून ॲपच्या कोडने आत या आणि मगच तिथला फोन नंबर काढा. क्रम उलटा केलात तर स्वतःच बाहेर अडकाल. आपल्याकडच्या बहुतेक बँका मात्र अजून एसएमएसवरच आहेत. तिथे ही निवड हाती नसते, पण निदान ईमेलचं खातं तरी असं बंदिस्त करा, कारण इतर बऱ्याच खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात.

कोड बरोबर टाकूनही "चुकीचा" येत असेल, तर बहुधा घड्याळ चुकलेलं असतं. काहींनी गेमसाठी तारीख बदललेली असते! सेटिंग्जमध्ये वेळ आपोआप घेण्याचा पर्याय सुरू करा.

फोन बदलताना जुना लगेच पुसू नका. गूगलच्या ॲपमध्ये "Transfer accounts" आहे. नव्या फोनवरच्या कोडने प्रत्यक्ष लॉगिन झालं की मगच जुना रिकामा करा.

आणि हो, खोट्या पानावर किंवा फोनवरच्या "बँकेतून बोलतोय"वाल्याला ॲपमधला कोड दिलात, तर तोही त्या अर्ध्या मिनिटात वापरला जातो. तिथे ॲप आणि एसएमएस सारखेच.