दिल्लीतला पहिला नोव्हेंबर: डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो तेव्हा

सांगलीहून दिल्लीत येऊन मला सतरा वर्षं झाली. ऑक्टोबरअखेर आपल्याकडून नवीन कुणी आलं की पंधरा दिवसांत त्यांचा फोन येतोच: "ताई, डोळ्यांची आग होतेय, साथ आलीय का?" बहुतेकदा साथ नसते, हवाच तशी असते. थंडीत जमिनीजवळची हवा गार होते आणि वरच्या उबदार थराखाली अडकून राहते. वारा पडलेला असतो. त्यात वाहनांचा धूर, धूळ, दिवाळीचे फटाके आणि पंजाब-हरियाणात जाळलेल्या भाताच्या खुंटांचा धूर साठत जातो. त्यातले काही वायू डोळ्यांतल्या ओलाव्यात विरघळतात, म्हणून आग होते. घशाला कोरड पडते तीही त्याच धुरामुळे.

माझ्या पहिल्या वर्षीची चूक आधी सांगते, कारण ती अजूनही लोक करतात. मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून "लाल डोळ्यांचे" थेंब आणले. दोन दिवसांत डोळे पांढरेशुभ्र! मग थेंब बंद केले की लाली परत यायची, आणि मी परत घालायची. असे तीन आठवडे गेले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाटली हातात घेऊन विचारलं, "हे कुणी दिलं?" त्यात स्टिरॉइड होतं. असे थेंब देखरेखीविना बराच काळ घातले तर डोळ्यातला दाब वाढतो, काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही. म्हणून लेबल वाचा. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल यांपैकी काही लिहिलेलं असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते घालू नका. नुसती लाली घालवणारे थेंबही रोज नकोत, सवय लागून ते सोडले की लाली उलट वाढते.

मग घालायचं काय? कृत्रिम अश्रू. लेबलवर कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज ०.५ टक्के असं असतं. बाहेरून आलात की आधी हात साबणाने धुवा, मग बंद डोळ्यांवर पिण्याचं स्वच्छ पाणी हलकेच मारा आणि नंतर एकेक थेंब घाला. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. साधी बाटली उघडल्यावर महिन्याने टाकून द्यायची. उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहून ठेवा. बंद डोळ्यांवर गार पाण्याची पट्टी दहा मिनिटं ठेवली तर फार बरं वाटतं. चोळायचं मात्र नाही. गुलाबपाणी आपल्याकडे घालतात खरं, पण ते निर्जंतुक नसतं, डोळ्यात नकोच.

गेल्या वर्षी शेजारी साताऱ्याचा एक मुलगा राहायला आला. स्कूटरने कामाला जायचा, डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स, तोंडाला रुमाल. आठवड्यात डोळे लालभडक आणि आवाज बसलेला. लेन्स काढून चष्मा लावायला सांगितला, हेल्मेटची काच खाली आणि रुमालाऐवजी एन-९५ मास्क. रुमालातून बारीक कण सहज आत जातात. मास्क घातला तरी तो म्हणे, "चष्म्यावर वाफ धरतेय." म्हणजे नाकाच्या कडेने हवा निसटत होती, आणि जिथून बाहेर जाते तिथूनच आतही येते. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवली, दाढी कमी केली, तेव्हा वाफ थांबली. डोळे तीन दिवसांत निवळले, घशाला मात्र आठवडा लागला. तो कोमट पाण्याच्या गुळण्या करायचा: पेलाभर पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ, दिवसातून तीनदा. रात्री चमचाभर मध. घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मध कधीच देऊ नका.

घरातही थोडं बदलावं लागतं. आपली पहाटे खिडक्या उघडायची सवय इथे थंडीत उलटते, कारण रात्रभर साठलेली हवा तेव्हाच सर्वांत वाईट असते. समीर या सरकारी अॅपवर जवळच्या केंद्राचा एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब आहे तो आकडा, बघा. दुपारी ऊन तापल्यावर तो सहसा उतरतो, तेव्हा थोडा वेळ खिडकी उघडा. ३०० च्या वर असेल तर पहाटेचं फिरणं सोडून द्या, ४०० ओलांडला तर मुलांना आणि म्हाताऱ्यांना बाहेर नेऊच नका. खिडक्या बंद असताना उदबत्ती आणि डासांची कॉइल लावू नका. झाडूने धूळ उडते, त्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. हवा शुद्ध करणारं यंत्र घेतलंत तर ते बारीक कण पकडतं, पण कार्बनची गाळणी नसेल तर वायू तसेच राहतात. म्हणून यंत्र चालू असूनही डोळे चुरचुरू शकतात.

आता, सगळंच हवेवर ढकलू नका. सकाळी पापण्या चिकटत असतील, घट्ट पिवळा चिपड येत असेल तर तो संसर्ग. डोळ्यात खरं दुखणं असेल, उजेड सहन होत नसेल किंवा अंधुक दिसत असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. घशासोबत ताप आला तर डॉक्टरांना दाखवा. छातीत शिट्टी वाजू लागली किंवा बोलताना धाप लागली तर गुळण्या करत बसू नका, तडक दवाखाना गाठा. दम्याचा पंप असेल तर तो इथे थंडीत खिशातच ठेवा.