गोवर-रुबेला लसीच्या अहवालातील तफावत: माझा अनुभव

बीड जिल्ह्यातील आमच्या उपकेंद्रात दिवाळीनंतर गोवर-रुबेलाच्या पहिल्या डोसचे प्रमाण दरवर्षी घसरते, आणि मासिक अहवालात नुसते ‘गैरहजर’ लिहिल्याने वैद्यकीय अधिकाऱ्यांना पुढे काय करावे हे कळत नाही. म्हणून मी वार्षिक उद्दिष्टाला बाराने भागून येणाऱ्या आकड्यासोबत, नऊ महिने पूर्ण झालेल्या बालकांची आशाताईंकडील नावनिहाय यादी जोडू लागले.

अशाच एका महिन्यात यादीतील 12 पैकी 7 बालकांना लस मिळाली, म्हणजे 58 टक्के. उरलेल्या पाचांपैकी तिघे ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांतील होते; मुकादमाकडून कारखान्याचे नाव घेऊन मी ते शेऱ्यात लिहिले, जेणेकरून तिथल्या आरोग्य केंद्राला कळवता येईल. एकाला आजोळी लस मिळाल्याचे माता-बाल संरक्षण कार्डावर दिसले, त्यामुळे ते आमच्या आकड्यात न धरता ‘अन्यत्र पूर्ण’ असे नोंदवले. पाचव्याला किरकोळ सर्दी म्हणून घरच्यांनी थांबवले होते. सर्दी हे लस टाळण्याचे कारण नसल्याने पुढील सत्राची तारीख दिली.

बालक एकच असले तरी कुपी उघडायची आणि चार तासांनी उरलेली लस टाकून द्यायची, म्हणून वाया गेलेले डोसही त्याच पानावर दाखवते.